डेल्टा शून्य, गॅमा शून्य, आणि तरीही आठ कोटींचा तोटा: एका ऑप्शन बुकाच्या मर्यादांचं प्रकरण

ऑप्शन बुकावर मर्यादा घालायच्या म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोन आकडे ठरतात. निव्वळ डेल्टा अमुकच्या आत, निव्वळ गॅमा तमुकच्या आत. भाव हलला की बुकाची किंमत किती हलते ते डेल्टा सांगतो, आणि तो डेल्टाच किती वेगाने बदलतो ते गॅमा. संध्याकाळी अहवाल येतो, दोन्ही रकाने हिरवे असतात आणि सगळे घरी जातात. या मर्यादा चुकीच्या नसतात, पण त्या बुकाच्या कुठल्या जागेवर मोजल्या आहेत हे कोणी विचारत नाही. पुढचं प्रकरण त्या एकाच प्रश्नाबद्दल आहे.

बुक मी समजावण्यासाठी मांडलं आहे, पण त्याची रचना ऑप्शनच्या डेस्कवर बसलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. आकडे ब्लॅक-शोल्स सूत्राने काढले आहेत. अस्थिरता सगळीकडे 16%, व्याजदर शून्य, वर्षाचे व्यवहाराचे दिवस 252. रकमा कोटींत आहेत, चलन कोणतंही धरा.

मर्यादा कुठून आल्या

बुकाचं भांडवल 100 कोटी. जोखीम समितीने सांगितलेलं वाक्य साधं होतं: रात्रीत निर्देशांक 3% सरकला आणि मध्ये हेज करायला वेळच मिळाला नाही, तर तोटा 3 कोटींच्या वर जाता कामा नये. या वाक्यातून डेल्टा आणि गॅमाचे आकडे काढायचे होते.

त्यासाठी आधी दोन्ही ग्रीक, म्हणजे डेल्टा आणि गॅमा, पैशांत आणावे लागतात. एका शेअरवरच्या ऑप्शनचा गॅमा 0.0004 आणि दुसऱ्या शेअरवरच्या ऑप्शनचा 0.02 असेल, तर त्यांची बेरीज निरर्थक असते, कारण दोन्ही शेअरच्या किमती वेगळ्या असतात. म्हणून डेल्टा रोख रकमेत मोजायचा, आणि गॅमा म्हणजे भाव 1% सरकल्यावर तो रोख डेल्टा किती कोटींनी बदलतो ते.

```
D = Δ × S × N
G = Γ × S² × N / 100
P&L ≈ D × x/100 + G × x²/200
```

इथे S म्हणजे भाव, N म्हणजे युनिट्स आणि x म्हणजे टक्क्यांतला बदल. x = 3 घातलं की तोटा होतो 0.03 × D अधिक 0.045 × G. समितीने D ला 40 कोटी आणि G ला उणे 40 कोटी दिले. 1.2 अधिक 1.8, बरोबर 3. हिशेब चोख बसला.

या दोन आकड्यांत एक नातं दडलेलं आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गॅमा उणे 40 असेल तर बाजार 1% हलताच डेल्टा 40 कोटींनी बदलतो, म्हणजे शून्यापासून निघालेलं बुक एका टक्क्यात डेल्टाच्या पूर्ण मर्यादेवर जाऊन आदळतं. डेल्टाची मर्यादा बुक आज कुठे उभं आहे ते सांगते, तर गॅमाची मर्यादा ते तिथून किती वेगाने सरकेल ते सांगते. दोन्ही वेगवेगळ्या बैठकांत, एकमेकींकडे न बघता ठरल्या, की असली विसंगती हमखास येते: डेल्टा 10 कोटी, गॅमा 100 कोटी. अशा बुकाचा ट्रेडर बाजार एक दशांश टक्का हलला तरी मर्यादा मोडतो, आणि महिन्याभरात कोणी त्या इशाऱ्यांकडे बघेनासं होतं. आपल्या प्रकरणात निदान ही चूक नव्हती.

बुक

निर्देशांक 20,000 वर. एक्स्पायरीला दोन दिवस उरलेत. डेस्कने 19,400 चा पुट आणि 20,600 चा कॉल विकलेत, प्रत्येकी 600 कोटी नोशनलचे, म्हणजे 3 लाख युनिट्स. दोन्ही स्ट्राइक भावापासून 3% दूर. त्याच्यासमोर महिनाभराच्या मुदतीचा 20,000 चा स्ट्रॅडल विकत घेतलाय, कॉल आणि पुट प्रत्येकी 200 कोटींचे.

संध्याकाळच्या अहवालात डेल्टा अधिक 2 कोटी, गॅमा उणे 2 कोटी. दोन्ही मर्यादांचा विसावा हिस्सा वापरात. विकलेल्या जोडीचा गॅमा सुमारे उणे 37 आणि स्ट्रॅडलचा अधिक 35, दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं. इथेच पहिली शंका यायला हवी, कारण हे बुक दहापट मोठं केलं तरीही गॅमाची मर्यादा त्याला अडवत नाही. वाढत्या पोझिशनला जी मर्यादा लागतच नाही, ती मर्यादा नव्हे.

वरच्या सूत्रात हेच आकडे घालून 5% पडझडीचा तोटा काढला तर 35 लाखांच्या आसपास येतो. आता तेच बुक प्रत्येक पातळीवर नव्याने किंमत लावून पाहू. याला डेस्कवर स्पॉटची शिडी म्हणतात: भाव एकेक पायरी खाली न्यायचा आणि दर पायरीवर डेल्टा, गॅमा, नफा-तोटा पुन्हा मोजायचा.

| स्पॉटमधला बदल | डेल्टा (कोटी) | गॅमा (कोटी, दर 1%) | नफा-तोटा (कोटी) |
|---|---|---|---|
| 0 | +2 | −2 | 0 |
| −1% | +12 | −29 | −0.05 |
| −2% | +74 | −95 | −0.4 |
| −3% | +197 | −135 | −1.8 |
| −4% | +323 | −102 | −4.5 |
| −5% | +391 | −37 | −8.3 |

वरच्या बाजूलाही चित्र साधारण असंच आहे, म्हणून ते वेगळं देत नाही.

हा तक्ता सावकाश वाचण्यासारखा आहे. 5% वर तोटा 35 लाख नाही, 8.3 कोटी आहे. सूत्र खोटं बोललं नाही. त्याला गॅमा एकाच जागेचा, 20,000 वरचा, दिला होता आणि वाटभर तो तसाच राहील असं त्याने धरलं. पण दोन दिवस उरलेल्या ऑप्शनचा गॅमा एखाद्या सुळक्यासारखा असतो. स्ट्राइकच्या आसपास तो आभाळाला भिडतो आणि थोडं दूर गेलं की जमिनीवर येतो. 16% अस्थिरतेला दोन दिवसांत अपेक्षित हालचाल सुमारे 1.4%, म्हणजे 3% दूरचा स्ट्राइक दोन प्रमाण विचलनांहून थोडा पलीकडे. 20,000 वर उभं राहून पाहिलं तर त्या सुळक्याचा फक्त पायथा दिसतो. महिन्याच्या स्ट्रॅडलचा गॅमा मात्र पसरट टेकडीसारखा असतो, आणि आपण नेमके तिच्या माथ्यावर उभे आहोत. पायथा आणि माथा यांची वजाबाकी शून्य आली, इतकंच त्या अहवालाने सांगितलं.

आता −3% ची ओळ बघा. समितीची कसोटी होती 3% ला 3 कोटी. तोटा 1.8 कोटी, म्हणजे हे बुक त्या कसोटीतही पास होतं! पण तिथे पोहोचल्यावर डेल्टा 197 कोटी झालेला असतो, मर्यादेच्या पाचपट, आणि गॅमा उणे 135. पुढच्या एका टक्क्याला 2.7 कोटी जातात, त्याच्या पुढच्याला 3.8 कोटी. तोट्याची कसोटी एकाच बिंदूवर घेतली तर ती कड्याच्या काठाशी उभी राहून ‘इथवर जमीन आहे’ एवढंच सांगते.

आणि −5% च्या ओळीत गॅमा परत उणे 37 वर आलाय, मर्यादेच्या आत. पुट आता खोल पैशांत गेलाय, त्याचा गॅमा बराच ओसरलाय, जवळजवळ सगळा डेल्टा झाला. ज्याने शिडी केली पण फक्त दोन टोकांना गॅमा तपासला, त्यालाही हे बुक निर्मळ दिसलं असतं.

ट्रेडरचं म्हणणं

हा तक्ता पुढे ठेवल्यावर डेस्कवरचा अनुभवी माणूस जे बोलतो ते ऐकून घेण्यासारखं असतं, आणि ते अगदीच चूक नसतं. “दोन दिवसांत तीन टक्के रोज होत नाहीत. आणि झालेच तर मी हातावर हात ठेवून बसणार आहे का? एक टक्का खाली आला की फ्युचर विकायला लागेन.”

दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण गैरसमज तिथे जास्त आहे. फ्युचरला गॅमा नसतो. −3% वर 197 कोटींचं फ्युचर विकून डेल्टा शून्यावर आणता येतो, पण गॅमा उणे 135 तसाच राहतो. तिथून बाजार दीड टक्का कुठल्याही बाजूला गेला तरी आणखी दीड कोटींच्या आसपास जातात. वर उसळला तर स्वस्तात विकलेलं फ्युचर महागात परत घ्यायचं, खाली गेला तर आणखी स्वस्तात विकायचं. म्हणून दोन्ही मर्यादांचे उपाय वेगळे लिहून ठेवावे लागतात. डेल्टाचा भंग फ्युचरने, तासाभरात सुटतो. गॅमाचा भंग फक्त ऑप्शन विकत घेऊन किंवा विकलेले परत घेऊन सुटतो, आणि बाजार पडत असताना नेमके तेच ऑप्शन महाग झालेले असतात. याचाच अर्थ गॅमाची मर्यादा आधी लागली पाहिजे, भाव अजून 20,000 वर असताना. शिवाय रात्रीतली उडी डेस्कला हेज करू देत नाही. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6% पडला, तेव्हा पडत्या बाजारात थोडंथोडं फ्युचर विकत जाण्यावर उभी असलेली पोर्टफोलिओ विम्याची पद्धत विकायला समोर गिऱ्हाईकच नसल्याने कोलमडली. तीही मुळात गॅमाच्या कमतरतेचीच गोष्ट होती.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर एवढंच: शक्यता कमी आहे हे मान्य, पण मोबदलाही पाहावा. सपाट 16% अस्थिरतेने या पुट-कॉलच्या जोडीचं एकूण प्रीमियम जेमतेम 11 लाख येतं. प्रत्यक्ष बाजारात दूरच्या स्ट्राइकची अस्थिरता जास्त असते, त्यामुळे थोडं अधिक मिळेल. तरीही 11 लाखांसाठी 8.3 कोटींची खिंड उघडी ठेवायची का, हा निर्णय समितीने डोळे उघडे ठेवून घ्यावा. दोन शून्यांच्या आड तो आपोआप घेतला जाऊ नये.

नियम बदलले ते असे

डेल्टाची मर्यादा 40 कोटीच ठेवली, आजच्या भावावर. तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

गॅमाची मर्यादाही उणे 40 च राहिली, पण मोजण्याची जागा बदलली. अधिक-उणे 5% च्या शिडीवर जिथे गॅमा सगळ्यात वाईट असेल, तो आकडा मर्यादेशी ताडायचा. शिडीच्या पायऱ्या अर्ध्या टक्क्याच्या. पायरी किती मोठी चालेल याचा माझा ठोकताळा असा की सगळ्यात जवळच्या एक्स्पायरीच्या उरलेल्या दिवसांत अपेक्षित हालचाल जेवढी, तिच्या निम्म्याहून ती मोठी नसावी. एक दिवस उरला की ती हालचाल 1% असते, म्हणून अर्धा टक्का. दोन टक्क्यांच्या पायऱ्यांची शिडी अख्खा सुळका ओलांडून जाऊ शकते. बँकांसाठी नियम ठरवणाऱ्या बासेल समितीच्या 1996 च्या बाजार-जोखीम दुरुस्तीत ऑप्शनसाठी जी शिडीची पद्धत दिली होती, तिच्यात शेअरसाठी अधिक-उणे 8% ची पट्टी किमान सात निरीक्षणांत विभागायची होती. महिन्या-तिमाहीच्या ऑप्शनना ते ठीक आहे, दोन दिवसांच्या ऑप्शनना फार विरळ.

तिसरी मर्यादा तोट्याची, तीही पूर्ण शिडीवर: 3% ला 3 कोटी, 4% ला 4, 5% ला 5. म्हणजे एका बिंदूऐवजी एक रेष. मूळ बुक 3% ला या रेषेच्या आत होतं, 4% ला बाहेर आणि 5% ला फारच बाहेर.

निव्वळ करण्याबद्दल एक ओळ वाढवावी लागली. बुकात इतर शेअरवरचेही ऑप्शन असतील तर त्यांचा विकत घेतलेला गॅमा निर्देशांकाच्या विकलेल्या गॅमाला वजा करायचा नाही. निर्देशांक पडताना तो ठरावीक शेअर तेवढाच हलेल याची हमी नसते, आणि न हललेल्या शेअरवरचा गॅमा काही कमावून देत नाही. बासेलच्या त्याच दुरुस्तीतल्या दुसऱ्या, डेल्टा-प्लस पद्धतीतही एकाच मूळ मालमत्तेवरच्या ऑप्शनचा गॅमा एकत्र करायचा आणि शेवटी फक्त ऋण आकडेच मोजायचे, असंच होतं. डेल्टाच्या बाबतीत बीटाने, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या किती पट हलतो त्या आकड्याने, गुणून बेरीज करणं मला चालतं, गॅमात नाही.

तेच बुक, नव्या नियमांखाली

शिडीवर उणे 135 आलं, मर्यादा उणे 40. ट्रेडरला दोन वाटा होत्या: विकलेली जोडी तिसऱ्या हिश्शापर्यंत आणायची, किंवा तिला पंख लावायचे. त्याने पंख लावले. तेवढ्याच युनिट्सचा 19,200 चा पुट आणि 20,800 चा कॉल विकत घेतला. सूत्राप्रमाणे त्यांची किंमत नगण्य येते, बाजारात नक्कीच जास्त पडेल आणि 11 लाखांतला डोळ्यांत भरेल असा वाटा खाऊन जाईल.

शिडी पुन्हा काढली. −3% वर गॅमा उणे 11 वर आला, कारण विकलेल्या सुळक्याशेजारी आता विकत घेतलेला सुळका उभा राहिला. सगळ्यात वाईट जागा आता स्ट्राइकवर नाही. ती थोडी वर सरकली, −2% च्या जवळ, तिथे गॅमा सुमारे उणे 38. मर्यादेच्या आत, पण काठावर. 5% चा तोटा 8.3 कोटींवरून 1.2 कोटींच्या आसपास आला.

इथे प्रकरण संपलं असतं, पण एक दिवस गेला आणि भाव जागचा हलला नाही. यातून जे कळतं ते माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे. आधीचं, पंख नसलेलं बुक घेऊन बघा. एक दिवस उरला की 20,000 वरून दिसणारा विकलेला गॅमा उणे 37 वरून उणे 6 वर येतो, कारण 3% आता जवळजवळ तीन प्रमाण विचलनं दूर गेले. स्ट्रॅडलचा गॅमा तसाच आहे. अहवालात निव्वळ गॅमा अधिक 29 दिसतो! बुकाने गॅमा विकत घेतलाय असं वाटतं. त्याच वेळी 19,400 वरचा सुळका मात्र दोनाच्या वर्गमूळाच्या पटीत उंच झालेला असतो आणि तिथला निव्वळ गॅमा उणे 135 वरून उणे 200 पर्यंत जातो. एका बिंदूवरचा अहवाल सुधारत जातो आणि बुक बिघडत जातं. त्यामुळे शिडी आजची आणि उद्याची, दोन्ही काढायची असं ठरलं. उद्याची शिडी म्हणजे भाव तोच, मुदत एक दिवसाने कमी. तिच्यावर मर्यादा मोडत असेल तर तो भंग धरला जात नाही, पण ट्रेडरला दिवस संपण्याआधी उत्तर द्यावं लागतं.

पंख लावलेल्या बुकालाही हे चुकत नाही. उद्याच्या शिडीवर −2.5% जवळ गॅमा उणे 100 च्या आसपास दिसला. तोट्याची रेष मात्र मोडत नव्हती: 19,400 आणि 19,200 मधलं अंतर 200 अंकांचं, 3 लाख युनिट्सवर ते 6 कोटींच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि त्या पातळीला स्ट्रॅडल अडीच कोटी कमावून देतो. म्हणजे 4% ला साडेतीन कोटी, रेषेच्या आत. अशा वेळी कोणतं माप खरं धरायचं, यावर समितीत बराच वाद झाला. ट्रेडरचा आग्रह होता की तोटा बांधलेला असताना गॅमाचा आकडा फक्त भीती दाखवतो. शेवटच्या दिवसापुरतं ते पुष्कळ खरं आहे. मुदत शून्याकडे गेली की स्ट्राइकवरचा गॅमा अनंताकडे जातो, आणि कुठलाही ठरावीक आकडा तिथे लागू पडत नाही.

तरीही सूट दिली नाही, आणि त्याचं कारण तोटा नव्हतं. गॅमा उणे 100 म्हणजे अर्ध्या टक्क्याला 50 कोटींचं फ्युचर विकत-घेत राहणं. स्ट्राइकजवळ भाव वर-खाली होत राहिला तर डेस्क दिवसभर त्याच कामात अडकेल, आणि डेल्टाची मर्यादा तासाला मोडेल. म्हणून शेवटच्या दिवसासाठी तोट्याची रेष हा मुख्य नियम ठरला. गॅमाची उणे 40 ची मर्यादा त्या दिवशीही राहिली, पण ती ओलांडायला समितीची लेखी परवानगी मिळू शकेल अशी तरतूद केली.

ट्रेडरने परवानगी मागितली नाही. दुपारनंतर त्याने पंखांसकट जोडी निम्मी कापली, 300 कोटींवर. उद्याच्या शिडीवरचा सगळ्यात वाईट गॅमा उणे 36 झाला.